सॉल्व्हंट ही तळटीप नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

रेणूतल्या एका गटाच्या जागी दुसरा गट बसतो, त्या सब्स्टिट्यूशन अभिक्रियांवरच्या माझ्या लेखाला एका वाचकाची ही प्रतिक्रिया आली :

"मॅडम, लेख गाईडवरून उतरवल्यासारखा वाटला. सॉल्व्हंटवर एवढा पाल्हाळ कशाला? सबस्ट्रेट टर्शरी असला की एसएन-१, प्रायमरी असला की एसएन-२, विषय संपला. तक्त्यात डीएमएसओ प्रोटिकच्या रकान्यात टाकलाय. एलिमिनेशनचा तर उल्लेखच नाही."

डीएमएसओची चूक माझी. रकाना दुरुस्त केला आहे, लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

पण 'गाईडवरून उतरवलेला' हा शब्द मला लागला, हे लपवत नाही. मी एकोणीस वर्षं बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स घेते आहे. त्या लेखातलं एकेक वाक्य प्रयोगशाळेत उभं राहून, हातात स्टॉपवॉच धरून तपासलेलं आहे. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण मी कुठून काय उतरवलं हे तुम्हाला कसं कळलं?

आता तुमचं 'विषय संपला'. टर्शरी ब्युटाइल क्लोराइड घ्या, याहून टर्शरी दुसरं काय असणार? तीन मिथाइल गटांनी कार्बनची मागची बाजू बुजवलेली, त्यामुळे नवा गट मागून धडकतो आणि त्याच झटक्यात जुना सुटतो ती एसएन-२ची वाट बंद. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण एसएन-१ची, म्हणजे जुना गट आधी सुटण्याची, वाट उघडी आहे म्हणून रेणू तिच्यावरून चालत निघतो असं नाही. २५ अंशांना हे संयुग निव्वळ पाण्यात असेल तर त्यातलं निम्मं साधारण २५ सेकंदांत संपतं. निव्वळ इथेनॉलमध्ये त्याच निम्म्याला तीन महिने लागतात. सबस्ट्रेट तोच, यंत्रणा तीच, आणि वेगात तीन लाख पटींचा फरक. याला तळटीप म्हणायचं?

कारण साधं आहे. इथे क्लोराइड आधी सुटतो आणि कार्बनवर धनभार उरतो; या पायरीवरच सगळा वेग ठरतो. सुटणाऱ्या क्लोराइडला पाण्याचे हायड्रोजन चहूबाजूंनी धरतात, ऑक्सिजन कार्बनकडे तोंड करतात. इथेनॉलही हे करतं, पण फार तोकडं.

आमच्या लॅबमध्ये हे असं दिसतं. अ‍ॅसिटोनमधलं ०.१ मोलर टर्शरी ब्युटाइल क्लोराइड ३ मिली. दुसऱ्या फ्लास्कमध्ये ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.३ मिली, पाणी ६.७ मिली आणि ब्रोमोफिनॉल ब्लूचे दोन थेंब. एकत्र ओतलं की निळा रंग वीस-पंचवीस सेकंदांत पिवळा होतो, म्हणजे अभिक्रियेत तयार झालेल्या आम्लाने सगळी अल्कली संपवली, तोवर दहा टक्के टर्शरी ब्युटाइल क्लोराइड संपलं. आता सगळं तेच ठेवून पाणी आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं करा. पोरं घड्याळाकडे बघत बसतात, रंग बदलायला सात-आठ मिनिटं जातात.

याच प्रयोगात मी एम.एस्सी.ला असताना फसले होते. अल्कली तेवढी दुप्पट केली, वेळही दुप्पट लागला, आणि मी वहीत लिहिलं की अल्कलीचा वेगावर परिणाम होतो. खरं तर अल्कली दुप्पट केली की रंग बदलायला दहाऐवजी वीस टक्के क्लोराइड संपावं लागतं, म्हणून वेळ वाढतो. खरी परीक्षा क्लोराइड आणि अल्कली दोन्ही दुप्पट करून, पाणी-अ‍ॅसिटोनचं प्रमाण न बदलता घ्यायची. वेळ तोच राहिला तर एसएन-१. एसएन-२ असती तर तो निम्म्यावर आला असता. त्या दिवशी सर्वांसमोर बोलणी खाल्ली, तेव्हापासून 'विषय संपला' हे शब्द मी वर्गात उच्चारत नाही.

प्रायमरीचंही तेच. नॉर्मल ब्युटाइल ब्रोमाइड आणि अ‍ॅझाइड यांची अभिक्रिया मेथॅनॉलपेक्षा डीएमएफमध्ये जवळपास २८०० पट वेगाने होते. जे हायड्रोजन मघाशी क्लोराइडला सुटायला मदत करत होते, तसलेच मेथॅनॉलचे हायड्रोजन इथे अ‍ॅझाइडला जखडून ठेवतात. डीएमएफकडे असे हायड्रोजन नाहीत. ते सोडियमला धरतं आणि अ‍ॅझाइड मोकळा सुटतो.

आणि सेकंडरीला तर तुमच्या सूत्रात जागाच नाही! आयसोप्रोपिल ब्रोमाइड ८० टक्के इथेनॉलमध्ये, ५५ अंशांना हायड्रॉक्साइडबरोबर ठेवलं, तर अल्कली ०.०५ मोलरच्या आसपास असताना दोन्ही वाटांचा वेग जवळपास सारखा येतो. अल्कली १ मोलर करा, एसएन-२ वीसएक पट पुढे जाते. सबस्ट्रेट बदललेला नाही. मग कोणी ठरवलं?

एलिमिनेशनचं म्हणाल तर लेखाचं शीर्षकच 'सब्स्टिट्यूशन' होतं. ते वाचलं असतंत तर तो प्रश्न पडला नसता. त्यावर वेगळा लेख लिहायचा आहे, सवड मिळाली की लिहीन.