साडेचार प्रश्नांचा तक्ता

काल रात्री ग्रुपवर एक फोटो आला, खाली कॅप्शन 'नाना सरांनी बनवलेला तक्ता, सगळ्यांनी सेव्ह करा', आणि वर धडाधड अंगठे. तक्ता माझा होता. अक्षर माझं, कोपऱ्यात चहाचा डाग पण माझाच. नानांनी त्यात फक्त एक कॉलम वाढवला होता, लाल पेनाने, तोही वाकडा.

तर झालं असं, आम्ही अमळनेरच्या एका अभ्यासिकेत बसणारे बारा जण, एमपीएससीच्या संयुक्त पूर्व परीक्षेची तयारी करतोय. शंभर प्रश्न, एक तास, चुकलं तर पाव मार्क कट. सराव पेपर आपणच काढायचा ठरलं, आणि 'तुझं अक्षर चांगलं आहे' या कारणाने आराखडा माझ्या गळ्यात पडला. (अक्षर चांगलं असण्याची शिक्षा मी शाळेपासून भोगतेय, बोर्डावर सुविचार लिहिण्यापासून.)

आता आयोग अभ्यासक्रम देतो, पण कुठल्या विषयाचे किती प्रश्न ते त्यात लिहिलेलं नसतं. ते जुने पेपर मोजून अंदाजाने बसवावं लागतं. आमचं ठरलं ते असं: इतिहास, भूगोल, अर्थव्यवस्था, विज्ञान प्रत्येकी 15, राज्यघटना 10, चालू घडामोडी 10, गणित-बुद्धिमत्ता 20. आणि सोपे 30, मध्यम 50, कठीण 20. वाचायला दोन ओळी, पण कागदावर विषय आडवे आणि काठिण्य उभं असं मांडलं की गंमत सुरू होते. पंधराचे तीस टक्के काढा बरं. साडेचार.

नेमकी याच वेळी नानांची एन्ट्री. रिटायर्ड मास्तर, अभ्यासिकेत पेपर वाचायला येतात आणि पंख्याखालची खुर्ची आमच्याआधी धरतात. बाजारात भरिताची वांगी दाबून बघावी तसा माझा कागद त्यांनी उचलला, उलटा केला, सुलटा केला.

"काय करी ऱ्हायनी वं पोरी? हाई साडेचार काय शे?"

म्हटलं नाना, सोपे प्रश्न साडेचार येतात.

"अर्धा प्रश्न कसा इचारतस वं?"

म्हटलं तेच बघतेय. चार विषयांना सोपे 4, मध्यम 8, कठीण 3 दिले तर सगळी बेरीज 28, 52, 20 होते. म्हणून दोन विषयांना 5, 7, 3 द्यायचे, म्हणजे बरोबर 30, 50, 20. फक्त ते जास्तीचे सोपे कुणाला, ते ठरायचंय.

नाना गप्प झाले. मला वाटलं पटलं. मग चष्मा कपाळावर गेला आणि अहिराणी बंद होऊन एकदम प्रशिक्षण वर्गातली मराठी सुरू झाली. "बी.एड.ला आम्ही याला संविधान तक्ता म्हणायचो. घटक आहेत, गुणभार आहे. पण उद्दिष्टं कुठंयत? ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य!"

म्हटलं नाना, पर्यायी प्रश्न आहेत सगळे, यात कौशल्य कशाचं मोजू?

"गोल भरायचं."

आणि खरंच त्यांनी लाल पेनाने 'कौशल्य' असा कॉलम ओढला, खाली सात वेळा टिंब दिलं. मग म्हणे, "केळीवर प्रश्न शे का?" नाही म्हटल्यावर, "जळगावच्या केळीला 2016 ला भौगोलिक मानांकन भेटलं, आणि तू भूगोल काढी ऱ्हायनी केळीबिगर?" बरं नानांकडे केळीचं एक खोडसुद्धा नाही. पण आवाज असा की शेजारच्या टेबलावरचे दोघं माना हलवायला लागले, आणि तिथेच तक्ता माझ्या हातातून गेला, मला आत्ता कळतंय.

असो. खरी भानगड पुढेच. विषयवार प्रश्न वेगवेगळ्या लोकांनी दिले आणि उभी बेरीज केली तर 30, 50, 20, तंतोतंत. सगळे खूश. मी चौकटीत बघितलं तर वीस कठीणपैकी नऊ इतिहासात आणि सात गणितात, कारण इतिहासवाल्याला आपण किती खोल वाचलंय ते दाखवायचं होतं. राज्यघटना न् चालू घडामोडी अख्ख्या सोप्या. खालची बेरीज जुळली म्हणजे तक्ता जुळला असं नसतं हो. असल्या पेपरात कुणाला इतिहासात पंधरापैकी सहा पडले तर त्याचा इतिहास कच्चा, की इतिहासवाला खडूस, हे कळायला मार्गच नाही. म्हणून प्रत्येक विषयात सोपं-मध्यम-कठीण त्याच मापाने लागतं. हे मी तीनदा समजावलं, नानांनी एकदा 'हां' म्हटलं, आणि ग्रुपवर काय आलं ते वर सांगितलंच.

गणितवाल्याशी वेगळंच भांडण. त्याचे कठीण सात वरून चार केले तरी प्रत्येक गणिताला सव्वा मिनिट लागेल इतके आकडे. वीस गणितांना पंचवीस मिनिटं. उरलेल्या ऐंशी प्रश्नांना पस्तीस मिनिटं, म्हणजे एकाला सव्वीस सेकंद, त्यात विधानं वाचून होत नाहीत. गणित अवघड ठेव, पण आकडेमोड आटोप, म्हटलं. त्याला अजून वाटतं मी गणिताला घाबरते.

रविवारी पेपर झाला. मग मी प्रत्येक प्रश्न बारापैकी किती जणांचा बरोबर ते मोजत बसले, कारण काढणाऱ्याने लावलेलं लेबल आणि प्रश्नाची खरी काठिण्य पातळी यांची भेट क्वचित होते. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन, फैजपूर, 1936, अध्यक्ष नेहरू. लेबल 'मध्यम'. बाराच्या बारा बरोबर! जळगाव जिल्ह्यात हा प्रश्न मध्यम कसा असेल, एसटीच्या पाटीवर रोज फैजपूर वाचतो आम्ही. हाच प्रश्न सिंधुदुर्गात कदाचित खरंच मध्यम असेल. आता बारा जणांत एक माणूस इकडचा तिकडे झाला की आठ टक्के हलतात, त्यामुळे सात बरोबर की आठ यावर मी वाद घालत नाही, फक्त टोकाचे प्रश्न बघते.

दुसऱ्या टोकाला विज्ञान. 'शरीरातील सर्वात मोठी ग्रंथी', लेबल 'सोपा', बरोबर फक्त तिघं. चार पर्यायांत डोळे मिटून ठोकलं तरी बारातले तिघं लागतात. आणि ते तिघं कोण, तर एकूण मार्कांत शेवटचे तिघं, वरचे सगळे चूक. असं उलटं दिसलं की पोरांचा अभ्यास तपासायचा नाही, उत्तरतालिका तपासायची. तालिकेत 'त्वचा' होतं. नऊ जणांनी यकृत लिहिलं होतं, म्हणजे एक मार्क तर गेलाच, वर पाव कापला, आणि मी त्या नवांत.

विज्ञानवाल्याला मेसेज केला, बाबा रे तालिका दुरुस्त कर, सव्वा मार्क परत दे. त्याचं उत्तर आलं, "त्वचेत घामाच्या ग्रंथी असतात ना, मग एका अर्थाने बरोबरच आहे. नानांना विचारून घे."