दूध नसलेला कडक चहा आणि मुतखडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "आमचे आजोबा दिवसाला दहा कप कोरा चहा प्यायचे, नव्वदी ओलांडली, कधी मुतखडा नाही. अमेरिकेतल्या एका माणसावरून सगळ्यांना घाबरवू नका. आणि चहाने मुतखडा कमी होतो असं संशोधन सांगतं, ते का नाही लिहिलंत?"

नमस्कार. दूध नसलेल्या कडक चहाने काही लोकांना मुतखड्याचा धोका असतो, या माझ्या लिखाणावर ही प्रतिक्रिया आली. संशोधनाबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, म्हणून आधी तेच घेतो. अमेरिकेत नर्सेसवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली आले. रोजच्या प्रत्येक २४० मिली चहामागे मुतखड्याचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसला. पण त्या अभ्यासात आधी मुतखडा न झालेल्याच बायका घेतल्या होत्या. चहा म्हणजे बरंचसं पाणीच, आणि लघवी पातळ राहिली की खडा धरणं अवघड होतं, त्यामुळे हा निकाल मला पटतो. आजोबांचंही असंच असणार. मी लिहितोय ते त्या अभ्यासात न घेतलेल्या लोकांबद्दल.

हिशेबच मांडतो. ऑक्झलेट हा चहा, पालक अशा वनस्पतींत असणारा पदार्थ, आणि बहुतेक मुतखडे तो लघवीत कॅल्शियमशी जुळून बनतात. चहाच्या एक ग्रॅम पत्तीतून साधारण ५ मिलीग्रॅम ऑक्झलेट पाण्यात उतरतं. म्हणजे दोन-अडीच ग्रॅम पत्तीच्या कपात दहा-बारा मिलीग्रॅम. पत्ती दुप्पट टाकून बराच वेळ उकळली की त्याहून जास्त. असे दहा कप कडक चहा घेतले तर दीडशे-दोनशे मिलीग्रॅम सहज होतं. धडधाकट आतडं त्यातलं दहावा भाग किंवा त्याहून कमी शोषतं, म्हणजे फार तर पंधरा-वीस मिलीग्रॅम मूत्रपिंडाकडे जातं. दिवसभराच्या लघवीत ऑक्झलेट चाळीस मिलीग्रॅमच्या आसपास पोचलं की डॉक्टर ते जास्त मानतात. ज्याचं मुळात वीस आहे, त्याला हे झेपतं. ज्याचं आधीच पस्तीस आहे, तो हद्द ओलांडतो.

आता वजन घटवण्यासाठी बायपास शस्त्रक्रिया झालेला, क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराचा किंवा स्वादुपिंडाचा रुग्ण घ्या. त्याच्या आतड्यात न पचलेली चरबी उरते आणि ती कॅल्शियमला धरून बसते. एरवी हेच कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे बाहेर नेतं. ते अडकलं की ऑक्झलेट मोकळं राहतं आणि मोठ्या आतड्यातून भरपूर शोषलं जातं. तोच चहा, तेवढेच कप, पण लघवीत जाणारं ऑक्झलेट दुप्पट-तिप्पट.

म्हणूनच दुधाबद्दल मी एवढं आग्रहाने लिहितो. आपल्याकडे दूध घालून उकळलेल्या चहात दुधातलं कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच अडवतं. हल्ली पित्त, साखर, वजन अशा कारणांनी अनेकजण कोऱ्या चहाकडे वळतात, आणि मुतखडा झाला की घरचे उरलंसुरलं दूधही बंद करतात, "कॅल्शियमचा खडा आहे ना" म्हणून. हे अगदी उलटं आहे. १९९३ मध्ये पंचेचाळीस हजारांहून अधिक पुरुषांच्या अभ्यासात अन्नातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडे कमी झालेले दिसले. दूध सोडून कोरा चहा वाढवणं म्हणजे ऑक्झलेटला वाट मोकळी करून देणं.

अमेरिकेतल्या त्या माणसाबद्दलही स्पष्ट सांगतो. २०१४ मध्ये लिटल रॉक, अर्कान्सा इथे ५६ वर्षांचा माणूस अशक्तपणा आणि अंगदुखी घेऊन आला. मूत्रपिंड नीट काम करत नसलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन ४.५ होतं, म्हणजे बरंच जास्त. लघवीत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक भरपूर दिसले आणि बायोप्सीत तेच मूत्रपिंडाच्या आत सापडले. तो रोज आठ औंसांचे सोळा ग्लास, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास आइस्ड टी पीत होता. त्याला आधी मुतखडा झाला नव्हता, वजन घटवण्याची बायपासही नव्हती. शेवटी डायलिसिसवर जावं लागलं. डॉक्टरांनी त्याचं रोजचं ऑक्झलेट दीड हजार मिलीग्रॅमहून जास्त धरलं होतं. मी वर धरलेल्या मापाने ते इतकं येत नाही, म्हणून तो आकडा मी पुढे करत नाही. पण बायोप्सीतले स्फटिक खोटे नाहीत. सोळा ग्लासांचा नियम दहा कपांना लावता येत नाही, हे मला मान्य आहे.

तुमच्या घरात कुणाला खडा होऊन गेला असेल, तर आधी पडलेल्या खड्याचं विश्लेषण करून घ्या. तो युरिक अ‍ॅसिडचा असेल तर ऑक्झलेटचा हा सगळा हिशेब त्याला लागू नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला तर चोवीस तासांची लघवी साठवून करायची तपासणी सांगा, रोजचं खाणंपिणं न बदलता. सूक्ष्मदर्शकाखाली बंद लिफाफ्यावर फुली मारल्यासारखे दिसणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक लघवीच्या एखाद्या नमुन्यात निरोगी माणसालाही दिसू शकतात, त्यावरून निदान होत नाही. चोवीस तासांतलं ऑक्झलेट जास्त आलं तर कोरा चहा दोन कपांवर आणा, उरलेल्यात दूध घाला, पालक कमी करा (अर्धी वाटी शिजवलेल्या पालकात कित्येक कप चहाइतकं ऑक्झलेट असतं), आणि लघवी अडीच लिटर होईल इतकं पाणी प्या. ऑक्झलेट नेहमीच्या मर्यादेत असेल, तर आजोबांसारखा चहा सुखाने प्यावा.