‘नाक बाबांचं नाहीच’ या अभिप्रायाला उत्तर

★★☆☆☆
“बाबांच्या पंचाहत्तरीला क्युबिस्ट पोर्ट्रेट करून घेतलं. कल्पना चांगली, पण नाक बाबांचं नाहीच, भलत्याच माणसाचं वाटतं. एक डोळा समोरून, एक बाजूनं हे आधी सांगितलं होतं, ते मान्य. पण ओळख तरी पटायला हवी ना? आत्या म्हणाल्या, हे कोण? वर चित्र आठ दिवस उशिरा मिळालं. 14,000 रुपये दिलेत.”

नमस्कार ताई,

आठ दिवसांच्या उशिराबद्दल मनापासून माफी मागतो. पावसाळी हवेत ऑइलचा थर वाळेना आणि ओल्या थरावर कडा मारली की ती फाटल्यासारखी दिसते. तरी तारीख मीच दिली होती, त्यामुळे चूक माझी.

नाकाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण त्या एका नाकावर मी नऊ दिवस घालवलेत.

समोरून काढलेल्या एका फोटोत नाकाची रुंदी कळते, पण उंचवटा कळत नाही. या शैलीत चेहऱ्याचा अर्धा भाग समोरून आणि अर्धा बाजूनं दिसतो, आणि नाकाच्या दांड्यावर दोन्ही जुळतात. म्हणून ऑर्डर घेतानाच मी बाबांचा बाजूनं काढलेला एक फोटो मागितला होता. तुम्ही म्हणालात, “सरप्राइज आहे, आता कसा काढणार?” तेही खरंच. मग तुमच्या लग्नाच्या अल्बममधला, कन्यादानाच्या वेळचा फोटो आला, व्हॉट्सॅपवरून, म्हणजे आधीच बारीक झालेला. त्यात बाबांची मान खाली आहे.

मान खाली असली की डोळे, नाकाचं टोक आणि हनुवटी यांच्या पातळ्या समोरच्या फोटोशी जुळत नाहीत. त्या जुळवल्याशिवाय दोन चेहरे एका चेहऱ्यात येतच नाहीत. डोळा वर आणि तोंड खाली असं काहीतरी होतं. म्हणून चष्म्याची काडी आडवी होईपर्यंत मी तो फोटो फिरवला, डोळ्यांची रेघ आणि हनुवटी दोन्हीकडे एका उंचीवर आणली आणि ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवले. सगळं जुळलं, फक्त नाकाचा शेंडा कॅनव्हासवर जवळजवळ एक सेंटिमीटर वर राहिला. कारण उघड आहे. लग्नातले बाबा पन्नाशीचे, समोरच्या फोटोतले पंचाहत्तरीचे. वयानं नाकाचा शेंडा खाली झुकतो, हाडाचा बाक मात्र तसाच राहतो.

म्हणून हाडाचा बाक लग्नाच्या फोटोतून घेतला आणि शेंडा आत्ताच्या फोटोतून. दोन्ही तुकडे बाबांचेच आहेत, ताई. पण जोडून जे नाक झालं, ते कुणी कधी एकत्र पाहिलेलं नाही. हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तेवढं कबूल.

ओळखीबद्दलही एक सांगतो. पिकासोनं 1910 मध्ये त्याचा चित्रविक्रेता कानवायलर याचं चित्र केलं. तो माणूस कितीतरी वेळा समोर येऊन बसला होता, तरी चित्रात चेहरा सापडतो तो केसांची एक लाट, बोटं गुंफलेले हात अशा चार खुणांवरून. बाकी सगळे पातळ, तपकिरी-करड्या रंगाचे पृष्ठभाग एकमेकांत मिसळलेले. तुमच्या बाबांच्या चष्म्याची जाड चौकट, कपाळावरची आडवी आठी आणि हनुवटीची खळी मी मुद्दाम जशीच्या तशी ठेवली आहे. आत्यांना ते सहा फुटांवरून दाखवा. हातात धरून पाहिलं की नुसते तुकडेच दिसतात.

आणि हो, पेन्सिलीचं कच्चं रेखाटन तुम्हाला पाठवलं होतं. त्यातलं नाक हेच होतं. तुम्ही अंगठा पाठवलात, मी पुढे रंगवलं. हे उकरून काढायला नको होतं, पण दोन तारे बघून रात्रभर झोप नाही. दिवाळीच्या ऑर्डर्स याच महिन्यात ठरतात, माझं दुकान एकट्याचं.

बाबांची आता सरप्राइजची भानगड नाही. त्यांचा खिडकीच्या उजेडात, कानाच्या बाजूनं, मान सरळ ठेवून, पाच-सहा फुटांवरून एक फोटो काढून पाठवा. सेल्फी नको, जवळून नाक उगाच मोठं येतं. चित्र घेऊन या, नाकाचा भाग मी पुन्हा रंगवतो. रंग पुरता वाळायला महिने लागतात, त्यामुळे लगेच वार्निश करणार नाही, ते नंतर येऊन करून देईन. पैसे घेणार नाही.

फोटोंच्या बाबतीत पुढे काहीतरी पक्का नियम करतोच आहे.

आपला,
चित्रकार, कोल्हापूर