काकू, ते डिझाइन आहे

परवा मेट्रोच्या गेटापाशी तिकिटाचा क्यूआर दाखवायचा होता. मागे रांग, एका हातात डबा, खांद्यावर छत्री. नव्या पँटच्या उजव्या खिशात फोन सरकवून ठेवावा म्हणून हात घातला, तर बोटं दुसऱ्या पेरावरच अडली. मी जोर लावला. खिशाने दाद दिली नाही. मागचा विशीतला मुलगा अत्यंत सौजन्याने म्हणाला, "काकू, तो खिसा नाहीये. डिझाइन आहे."

पँटीपेक्षा मला 'काकू' जास्त लागलं, हे मान्य. पण पँट अठराशेची होती.

घरी येऊन ब्लेडने टाके उसवले. कारण काही कोट-पँटींना खरे खिसे असतात आणि दुकानात आकार बिघडू नये म्हणून ते कच्च्या धाग्याने बंद केलेले असतात, हे मला माहीत होतं. कच्चा धागा असेल तर टाके लांब, सैल असतात आणि मागून पिशवी हाताला लागते. इथे टाके बारीक होते. उसवल्यावर खाली पिशवी नव्हती, मी होते.

२०१८ मध्ये 'द पुडिंग' नावाच्या अमेरिकी संकेतस्थळाने जीन्सचे खिसे मोजले होते. बायकांचे पुढचे खिसे पुरुषांपेक्षा सरासरी ४८ टक्के आखूड निघाले. म्हणजे जवळजवळ अर्धे. आमच्या आजीच्या नऊवारीला एकही खिसा नव्हता, पण कनवटीला पैसे, ओच्यात शेंगा आणि कमरेला चंची घेऊन ती दिवसभर दोन्ही हात मोकळे ठेवून हिंडायची. तिच्या नातीला शिवलेले कपडे मिळाले आणि हातात कायमची पर्स आली.

मग ठरवलं, यापुढचा कुर्ता शिवूनच घ्यायचा. कापड घेऊन आमच्या मास्तरांकडे गेले. मास्तरांनी छाती, कंबर, सीट, बाही, सगळं लिहून घेतलं. मी म्हटलं, "आता हात मोजा."

"बाही झाली की."

"बाही नाही हो, हात. खिशात हातच जाणार ना?"

इथे दुकानातल्या स्टुलावर बसलेल्या एका काकांनी पेपर खाली घेतला. ते स्वतःची पँट कमरेत सैल करून घ्यायला आले होते, दुसरी अंगावर होती. "बाईमाणसाला खिसा कशाला?" ते मास्तरांना म्हणाले. मला नाही. "शेप बिघडतो."

"तुम्ही काय काय ठेवता खिशात?" मी विचारलं.

"काही नाही. फक्त रुमाल." आणि त्यांनी रुमाल काढून दाखवला. रुमालाबरोबर किल्ल्यांचा जुडगा आला. मग चष्म्याचं घर. सुपारीची डबी. नेलकटर. रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. फोन. विजेच्या बिलाची घडी. एक स्क्रू, ज्याच्याकडे ते स्वतःही जरा वेळ बघत राहिले. मास्तरांचं काउंटर भरलं. काकांच्या शेपमध्ये काडीचाही फरक पडला नाही, म्हणजे मुळात होता तेवढाच राहिला.

"मास्तर, यांचा खिसा मोजा," मी म्हटलं.

काका उठून उभे राहिले, जणू सत्कार आहे. तोंड साडेसहा इंच, कमरपट्टीपासून तळापर्यंत बारा. "हे माप कुठून आलं?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "जेन्ट्सला हेच असतं." आणि लेडीजला? "लेडीज म्हणतील तसं." लेडीज इतकी वर्षं काय म्हणत होत्या, ते बहुधा वहीत लिहिलेलं नव्हतं.

काकांनी मग मोजण्याचाही सल्ला दिला. "बांगडीचा नंबर विचारा," ते मास्तरांना म्हणाले. त्यांचे सासरे कासार होते म्हणे. माझी बांगडी दोन-सहा, म्हणजे व्यास सव्वादोन इंचांहून थोडा जास्त, घेर साडेसात इंच. बांगडी भरताना अंगठा आत दुमडून हात चोळामोळा करतो, तेव्हा तो एवढ्यातून जातो. खिशाचं तोंड सपाट फट असते, म्हणून घेराच्या निम्मं, पावणेचार इंच. काका विजयी मुद्रेने म्हणाले, "चार इंच पुरे!"

इथेच तर सगळे फसतात. आत जाताना हात रिकामा असतो, बाहेर येताना त्यात फोन किंवा किल्ल्या धरलेल्या असतात. शिवाय दर वेळी कोण अंगठा दुमडून, कासारापुढे बसल्यासारखं खिशात हात घालणार? आम्ही मास्तरांच्या टेपचीच फट धरून पाहिली. चार इंचांतून हात गेला आणि मुठीत फोन घेतल्यावर अडकला. पाचात ओरखडत आला. सहाला सुखाने आला. काका म्हणाले, "मी सांगतच होतो."

खरी पंचाईत पुढे होती. कुर्त्याला बाजूचा कट असतो, माझा खांद्यापासून एकवीस इंचांवर सुरू होतो. कंबर चौदावर. हात सैल सोडला तर तो सहज सोळाच्या आसपास आत शिरतो. त्याहून वर ठेवला की कोपर कोंबडीच्या पंखासारखं बाहेर येतं आणि खाली ठेवला की वाकावं लागतं. सोळात सहा मिळवले की बावीस, म्हणजे खिशाचं तोंड कटातच उघडणार. मास्तर लगेच म्हणाले, "मग तोंड चारचं करू." प्रत्येक बाईच्या कुर्त्याचा खिसा बहुधा याच वाक्यावर मेला असावा.

मी कट तेवीसवर नेला. कट खाली गेला की बसताना सीटवर ताणतो, म्हणून तिथे दीड इंच घेर वाढवला. पिशवी तोंडाच्या खाली आणखी पाच इंच, म्हणजे साडेसहा इंची फोन बसताना बाहेर डोकावत नाही आणि तळाशी गेलेलं नाणंही बोटांना लागतं. पिशवीची खालची कड शिवणीपासून इंचभर पुढे वळवायची, नाहीतर चालताना कटातून ती कुत्र्याच्या जिभेसारखी लोंबते. कापड कुर्त्याचंच, पांढरं अस्तर नको. आणि तोंडाच्या पुढच्या कडेला आतून सुती पट्टी, कारण फोनच्या वजनाने पंधरा दिवसांत ती कड ओघळते आणि खिसा जांभई देत राहतो.

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. खिशाचे दीडशे वेगळे लावले. काकांच्या पँटीला खिशाचे वेगळे पैसे लागतात का, हे मी विचारलं. मास्तरांनी टेप गळ्यात टाकली आणि बाहेर चहा सांगायला गेले.

आठवड्याने कुर्ता मिळाला. दुकानातच घातला, फोन टाकला, स्टुलावर बसले, उठले, चपलेचा पट्टा लावायच्या निमित्ताने वाकले. फोन जागचा हलला नाही. हात सरळ आत गेला, मनगटापर्यंत. मी अक्षरशः दोन मिनिटं तशीच उभी होते, निवडणुकीला उभं राहिल्यासारखी.

मग डावा हात डाव्या खिशात घातला. बोटं दुसऱ्या पेरावर अडली.

"मास्तर?"

"खिसा एकच बोलला होतात," मास्तर म्हणाले. "डावीकडे जोडीला डिझाइन दिलंय. त्याचे पैसे नाही लावले."