बायको, मी आणि ४१८ उतारू

दिवसा मी ऑफिसात बिलं तपासतो आणि रात्री दहानंतर डेटा सायंटिस्ट होतो. निदान ऑफिसात तरी तसा समज आहे. त्याला कारण मीच. जेवणाच्या सुट्टीत एकदा ‘सध्या मशीन लर्निंग करतोय’ असं बोलून गेलो. तेव्हापासून साहेब मीटिंगमध्ये एक्सेल अडलं की माझ्याकडे बघून म्हणतात, “हे तर तुमच्यासाठी किरकोळ असेल.” किरकोळ नसतं. मी ‘घरी जाऊन बघतो’ म्हणतो आणि घाम पुसतो.

या अवस्थेला नाव आहे हे कळल्यावर जरा धीर आला. पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये ‘इम्पोस्टर फेनॉमेनन’वर लेख लिहिला. हातून मोठी कामं होऊनही ‘आपण तोतये आहोत, कधीतरी पकडले जाणार’ असं मनात बाळगणाऱ्यांबद्दल. पण पुढे वाचलं तर कळलं, त्यांनी अभ्यासलेल्या बायका खरोखरच कर्तबगार होत्या. माझ्या हातून तर अजून काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे मी तोतयांमधलाही तोतया!

काहीतरी करून दाखवायचंच म्हणून मी कॅगल या डेटा सायन्सच्या स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळावरच्या टायटॅनिक स्पर्धेत उतरलो. डेटा सायन्स शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी या बोटीत चढतो. १९१२ साली बुडालेल्या जहाजावरच्या ८९१ उतारूंची माहिती मिळते: वय, वर्ग, तिकीट, कोण वाचलं, कोण गेलं. त्यावरून शिकायचं आणि आणखी ४१८ जणांचं काय झालं असेल ते ओळखायचं.

पहिल्या आठवड्यात मी डिसिजन ट्री लावला, म्हणजे एकेक प्रश्न विचारत फांद्या फोडणारं आणि शेवटच्या पानावर उत्तर देणारं मॉडेल. त्याच ८९१ जणांवर तपासला तर शंभरपैकी शंभर! रात्री पावणेबाराला मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग ४१८ जणांची उत्तरं अपलोड केली आणि पुन्हा खाली बसलो. ०.६५. म्हणजे शंभरातली पासष्टच बरोबर.

झालं असं होतं की मी ट्रीला खोलीची मर्यादा घातली नव्हती, आणि डेटातला PassengerId, म्हणजे निव्वळ अनुक्रमांक, काढायला विसरलो होतो. मोकळं सोडलेलं झाड फांद्या फोडत जातं, इतकं की शेवटी प्रत्येक उतारूसाठी जवळजवळ वेगळं पान उरतं. माझ्या मॉडेलने टायटॅनिकचं काही समजून घेतलं नव्हतं. हजेरीपट घोकला होता. नवा उतारू समोर आला की त्याचा नंबर बघून ते त्याला बुडवायचं किंवा वाचवायचं.

याला ओव्हरफिटिंग म्हणतात हे मला पाठ होतं. पाठ होतं, हीच तर गंमत. कारण मी स्वतःही तसाच शिकत होतो. व्हिडिओतला माणूस टाइप करतो, तेच मी टाइप करतो, त्याचं चालतं तसं माझंही चालतं, आणि मला वाटतं आलं. कोड लिहायची कोरी नोटबुक उघडली की import pandas as pd या पहिल्या ओळीपर्यंत माझी गाडी सुसाट, पुढे थेट धुकं. व्हिडिओसमोर शंभर, कोऱ्या पानावर शून्य. तोतयेपणाच्या भावनेला मनाचा खेळ म्हणतात. माझ्या बाबतीत तो बऱ्यापैकी अचूक मोजमापाचा निकाल होता.

मग मी चूक सुधारण्यासाठी जागरणं वाढवली. हा उपाय ज्या कोणाला पहिल्यांदा सुचला असेल, त्याला सकाळी नऊचं ऑफिस नसावं. बुधवारी रात्री रिकाम्या रकान्यांनी वैताग आणला होता. १७७ जणांचं वय गायब, ६८७ जणांची केबिन गायब. डोळे मिटत होते. मी ही ओळ लिहिली आणि झोपलो:

```python
train = train.dropna()
```

एकही रकाना रिकामा असेल तर तो उतारू सरळ काढून टाक, असा याचा अर्थ. ८९१ पैकी १८३ उरले. वाचलेले आणि गेलेले मिळून ७०८ जण मी एका ओळीत बुडवले. आणि उरलेले बहुतेक पहिल्या वर्गाचे, कारण केबिनची नोंद प्रामुख्याने त्यांचीच. पुढच्या तीन रात्री माझं मॉडेल त्या श्रीमंतांवर शिकत होतं आणि गरिबांचं भविष्य सांगत होतं. आकडे विचित्र येत होते. मी त्याचं कारण ‘आपल्याला गणित जमत नाही’ हे धरलं. ऑफिसात त्याच आठवड्यात एका बिलाची रक्कम मी चार वेळा वाचली आणि चारही वेळा वेगळी वाचली. एका ग्राहकाच्या मेलखाली ‘आपला’च्या ऐवजी df, म्हणजे कोडमध्ये तक्त्याला देतात ते नाव, लिहून पाठवलं. उत्तरात त्याने विचारलं, “हा नवीन विभाग आहे का?”

रविवारी सकाळी, झोप झाल्यावर, किती ओळी उरल्या ते सांगणारं train.shape चालवून पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला चूक सापडली. तीन रात्री ज्याला मी अडाणीपणा म्हणत होतो, ती नुसती झोप होती. गणिताचा काही संबंध नव्हता.

तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली. “काय शोधतोयस?”

“टायटॅनिकवरचं कोण वाचलं ते.”

“बायकांना आधी होड्यांत बसवलं असेल ना? मग बायका वाचल्या. त्यात शोधायचं काय?”

मी हसलो. तज्ज्ञ हसतात तसं. आणि तिचं समाधान व्हावं म्हणून एक ओळ चालवली:

```python
train.groupby("Sex")["Survived"].mean()
```

बायका ०.७४, पुरुष ०.१९. मग ‘सगळ्या बायका वाचल्या, सगळे पुरुष गेले’ एवढंच लिहून उत्तरं अपलोड केली. ०.७६५५५. चार दिवसांपूर्वी मी जिवापाड मेहनतीने आणलेला माझा सर्वोत्तम आकडा ०.७४६४१ होता. ४१८ जणांत बायको माझ्यापेक्षा आठ उतारूंनी पुढे, तेही उभ्याउभ्या. नंतर लक्षात आलं, स्पर्धेवाले नमुन्यादाखल gender_submission.csv नावाची जी फाइल देतात, तिच्यात हेच उत्तर भरलेलं असतं. मी ती कधी उघडलीच नव्हती. आधी साधा अंदाज किती गुण मिळवतो ते पाहायचं, मग त्याच्या पुढे जायचं, याला बेसलाइन म्हणतात. हेही मला पाठ होतं.

गुणतक्त्यात वर नजर टाकली तर १.००००० मिळवलेले लोक ओळीने बसलेले. इतके दिवस ते बघून माझा जीव कासावीस व्हायचा. आता शांतपणे विचार केला. ४१८ जणांचं नशीब कोणत्या मॉडेलला बिनचूक कळेल? टायटॅनिकवरून कोण वाचलं याच्या याद्या तर जगजाहीर आहेत. उत्तरं बघून लिहिली की झालं. ज्यांच्यापुढे मी स्वतःला तोतया समजत होतो, ते निदान या बाबतीत माझे थोरले बंधू निघाले.

आता आठवड्यातून तीनच रात्री बसतो, पाऊण तास, आणि आधी व्हिडिओ बंद करून कोऱ्या पानावर कालचं लिहून बघतो. अडलं की कुठे अडलं ते वहीत टिपतो. ऑफिसात साहेबांना ‘हे मला येत नाही, दोन दिवस द्या’ असं एकदा सांगून पाहिलं. त्यांनी तीन दिले.

असे तीन आठवडे गेल्यावर परवा अनुक्रमांक काढला, ट्रीची खोली तीनवर बांधली, डेटाचे पाच भाग करून आळीपाळीने एकेका भागावर तो तपासला आणि मगच उत्तरं अपलोड केली. ०.७७९९०. धावत जाऊन बायकोला सांगितलं, “तुझ्या पुढे गेलो!”

“कितीने?”

“सहा उतारूंनी.”

तिने बोटांवर हिशोब केला. “म्हणजे आठवड्याला दोन,” ती म्हणाली, आणि दिवा मालवला.