पायमशीनचा पट्टा: कातर हातात घेण्याआधी

«पायमशीनचा पट्टा घसरतो म्हणजे तो सैल पडलाय. सरळ एक इंच कापा, आकडा परत लावा, जितका घट्ट तितका चांगला. वर खोबरेल चोळा, चामडं मऊ राहतं, तुटत नाही. तरी तुटलाच तर नायलॉनची दोरी बांधा, जन्मभर बघायला नको.»

पाऊस लागल्यापासून डिचोली-सांखळी भागात शिवण करणाऱ्या बायकांच्या फोनवर हा निरोप फिरतोय. चवथीचे कपडे घेऊन बसलेल्या बाईची मशीन ऐन जुलैत बंद पडावी, असं यातलं प्रत्येक वाक्य आहे. म्हणून एकेक घेते.

पहिली गोष्ट सैलपणाची. पट्टा घसरल्यासारखा वाटण्याची कारणं निदान तीन आहेत आणि त्यांतलं एकच कातरीने सुटतं. पायडल मारताना हातचाकाकडे बघा. हातचाक फिरतंय पण सुई हलत नाही, तर पट्ट्याचा काही दोष नाही. बॉबिन भरताना हातचाकाच्या मधला गोल स्क्रू सैल केला जातो, तो परत आवळायचा राहून गेलेला असतो. खालचं मोठं चाक फिरतंय आणि हातचाक जागच्या जागी थांबतंय, तेव्हाच पट्टा घसरतोय. पण तेव्हाही लगेच कापू नका. पट्टा चाकावरून उतरवा, दाबपाय वर करा आणि हातचाक नुसत्या बोटांनी आपल्या बाजूला फिरवून बघा. ते हलकं, सलग फिरायला हवं. जड जात असेल तर मशीनच आखडलीय. ती ओढायची ताकद पट्ट्यात नाही म्हणून तो घसरतो. अशा मशीनवर पट्टा आवळला तर घसरणं थांबेल, पण जोर तुमच्या गुडघ्यांवर आणि आकड्याच्या भोकावर येईल.

सांखळीला आमच्या शेजारच्या काकींकडे नेमकं हेच झालं. पडद्याची जाड दुमड शिवताना पट्टा घसरायला लागला. निरोपात सांगितल्याप्रमाणे त्यांनी एक इंच कापला, ताणून बसवला, खोबरेलही चोळलं. तिसऱ्या दिवशी पट्टा आकड्यापाशीच फाटला. मला बोलावलं तेव्हा मी आधी तुटलेलं टोक पाहिलं. भोक लांबट होऊन कडेपर्यंत चिरत गेलं होतं, म्हणजे चामडं कुजलं नव्हतं, ओढून फाटलं होतं. मग हातचाक फिरवलं. दर फेऱ्यात एका जागी अडत होतं. वर्षभर त्या मशीनच्या भोकांतही खोबरेलच घालत होत्या. ते आत चिकट होऊन बसलं होतं, शटलखाली सुताच्या पुंजक्याशी त्याचा लगदा झाला होता. पुंजके चिमट्याने काढले, भोकांत थोडं थोडं रॉकेल सोडलं, पट्ट्याशिवाय हातचाक पाच-दहा मिनिटं फिरवलं, बाहेर आलेला काळा मळ पुसला आणि मग मशीनचं पातळ तेल घातलं. चाक मोकळं झालं. पहिल्याच दिवशी एवढं केलं असतं तर तो पट्टा अजून चालला असता.

आता त्या एका इंचाबद्दल, कारण गोव्यात त्याचा हिशेब वेगळाच आहे. चामडं दमट हवेत लांबतं आणि सुकलं की आखडतं. आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल धरतात, तेव्हा पट्टा थोडा सैल वाटणारच. त्याच सैलपणावर एक इंच कापला तर डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत तोच पट्टा तारेसारखा ताठ होतो. असा पट्टा हातचाकाला सतत खाली ओढतो, त्याच्या दांड्याची बैठक एका बाजूने झिजते आणि पायडल जड होतं. कापायचंच तर एका वेळी जेमतेम ५ मिलिमीटर, मग चालवून बघायचं. मापाला पट्टी लागत नाही. टेबलाखाली पट्ट्याच्या दोन्ही बाजू अंगठा आणि बोटात धरून एकमेकींकडे दाबा. प्रत्येक बाजू साधारण सेंटिमीटरभर आत आली तर ताण बरोबर. अजिबात दबत नसेल तर फार घट्ट.

काकींना नवाच पट्टा घालावा लागला. बाजारात मिळणारा गोल चामडी पट्टा साधारण ७२ इंच लांब आणि ५ मिलिमीटर जाड असतो, तो बहुतेक मशीनना लांबच पडतो. आधी दोन्ही चाकांच्या खाचा कोरड्या फडक्याने पुसल्या. पट्टा टेबलाच्या दोन भोकांतून घेतला, वर हातचाकाच्या खाचेत आणि खाली मोठ्या चाकाखालून, लोखंडी कडीच्या आतून. ती कडी चुकली की पट्टा चालता चालता उतरतो. मग टोकं हाताने ओढून, जोर न लावता, एकमेकांवर आणली आणि खूण केली. आमच्या मापात पावणेतीन इंच जास्त निघाला. टोक सरळ कापलं, तिरकं नाही. टोकापासून ५-६ मिलिमीटर आत, बरोबर मधोमध, आकड्याची तार जाईल एवढंच बारीक भोक टोच्याने पाडलं. मोठं भोक पाडलं की तिथूनच पुढे फाटतं. आकडा घालून पक्कडीने दाबला आणि आतल्या बाजूने बोट फिरवून टोक वर राहिलं नाही ना ते पाहिलं. राहिलं तर प्रत्येक फेऱ्याला चाकावर टक् असा आवाज येतो आणि खाच खरवडते. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत लांबतो, म्हणून पंधरा दिवसांनी ५ मिलिमीटर परत काढायचे, हे काकींना तेव्हाच सांगून ठेवलं.

खोबरेल मात्र पट्ट्याला कधीच नको. पट्टा चाक फिरवतो तो खाचेतल्या घर्षणावर, आणि तेल तेच काढून घेतं. चोळलेलं तेल चामड्यावरून दोन्ही खाचांत उतरतं, मग घसरणं वाढतं आणि माणूस आणखी कापतो. आधीच लावलं असेल तर पट्टा उतरवा, कोरड्या फडक्याने पुसा, शिवणाच्या खडूची पूड सगळीकडे चोळून रात्रभर ठेवा आणि सकाळी झाडून टाका. खाचा थोडं रॉकेल लावलेल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरड्या करा. चामडं वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर कोणतंच तेल त्याला वाचवत नाही, तो बदलायचाच.

राहिली नायलॉनची दोरी. ती लोखंडावर गुळगुळीत चालते, ताण लागला की लांबते आणि तिची गाठ दर फेऱ्याला चाकावर उडी मारते, त्यामुळे टाके लहान-मोठे पडतात. ऑर्डर आजच द्यायची असेल तर दिवसभर निभावेल, त्यापुढे नाही. दमटपणाला खरंच कंटाळला असाल तर मशीनसाठीच बनवलेला गोल प्लास्टिक पट्टा मिळतो. तो हवेने लांबत-आखडत नाही आणि पावसाळ्यात चांगला चालतो. फक्त जाडी खाचेत बसेल अशीच घ्या. जाड पट्टा खाचेच्या वर राहतो आणि चामड्यापेक्षा जास्त घसरतो.

नवा पट्टा घातल्यावर काकींनी पडद्याची तीच दुमड, कापडाचे चार थर, माझ्यासमोर सलग शिवली. हातचाक एकदाही थांबलं नाही, आणि टेबलाखाली पट्टा बोटात दाबला तर अजूनही सेंटिमीटरभर आत येत होता.