फोटोवरून पेटीची जात : ‘स्वरवेडा’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी एका गृहस्थांच्या हार्मोनियमचे फोटो टाकून लिहिलं होतं की सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पितळी जिभा आणि त्यांच्या प्लेट्स, पॅरिसचे आहेत, पण पेटी मुंबईची. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया.

स्वरवेडा : “पेटीतले सूर अस्सल पॅरिसचे आहेत हे तुम्हीच मान्य करता आणि तरी पेटी मुंबईची म्हणता. नुसत्या फोटोवरून ठोकून द्यायला तुमचं काय जातं? जाणकार लोक आवाज ऐकून सांगतात. त्या बिचाऱ्यांच्या पेटीची किंमत मात्र तुम्ही पाडलीत. फोटोही धड दिसत नाहीत.”

स्वरवेडा साहेब,

शेवटचं आधी. मोबाइलवर फोटो बारीक दिसतात हे खरं आहे, मोठे करून टाकतो. एवढं तुमचं मान्य.

आता ‘तुमचं काय जातं’. मतभेद असायला माझी हरकत नाही, पण हा बोलण्याचा सूर मला आवडला नाही आणि तो न आवडल्याचं लपवून गोड बोलणं मला जमत नाही. माझ्या मामांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथे सूर घासायला बसायचो. टोकाकडे घासलं की सूर चढतो आणि मुळाकडे, रिव्हेटजवळ घासलं की उतरतो, हे मला बीजगणिताच्या आधी कळलं. मुळाकडे जरा जास्त घासली गेली की पितळी जीभ तिथेच तुटते आणि मग मामा काय बोलायचे ते इथे लिहिता येणार नाही. तेव्हा मी हवेत बोलतोय असं तुम्ही गृहीत धरलंत, ते कशाच्या जोरावर?

असो, मुद्द्यावर येतो. तुमचं सगळं म्हणणं एका समजुतीवर उभं आहे की सूर जिथले, पेटी तिथली. पेटीच्या धंद्यात असं कधीच नव्हतं. सूर हा बाजारातून विकत आणायचा माल. पॅरिसचे सूर यायचे, जर्मन यायचे, पुढे भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याला बनायला लागले. मुंबईचा, कोलकात्याचा, दिल्लीचा कारागीर खोकं, भाता, पट्ट्या स्वतः करायचा आणि गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे त्यात सूर बसवायचा. पुढे जुने सूर काढून दुसऱ्या पेटीत घालणं हेही सर्रास चालायचं, कारण पेटीत सगळ्यात मोलाची वस्तू तीच. सुरावरून फार तर सूर कुणी केले ते कळतं. खोकं कुणी केलं ते सुराला माहीत नसतं.

मग खोक्याबद्दल कोण बोलतं? ज्या फळीवर सूर बसवतात ती. म्हणून मी त्या गृहस्थांना पट्ट्यांचा भाग उचलून, फळी उलटी करून फोटो काढायला सांगितलं होतं. लेखातला तिसरा फोटो तोच. तो तुम्ही पाहिलात का, अशी मला प्रामाणिक शंका आहे. आता पुन्हा उघडा आणि खर्जाकडच्या कोपऱ्यात बघा.

प्रत्येक सुराच्या प्लेटला दोन स्क्रू आहेत, दोन टोकांना एकेक. त्या स्क्रूंच्या थोडं आतल्या बाजूला, जिथे प्लेटची कड जेमतेम पोचते, तिथे आणखी भोकं दिसतात. लाकडाचा भुसा आणि सरस भरून बुजवलेली. एखाददुसरं असतं तर म्हटलं असतं, स्क्रू सैल झाला म्हणून जागा बदलली. इथे ती ओळीने आहेत, जवळजवळ प्रत्येक सुराला. म्हणजे या फळीवर आधी दुसरे सूर होते, लांबीने आखूड.

याला दुजोरा हवेच्या भोकांतून मिळतो. सुराची जीभ प्लेटच्या फटीतून खालच्या भोकात झुलते, त्यामुळे भोक जिभेपेक्षा आखूड असेल तर ती लाकडाला अडकेल आणि सूर बोलणारच नाही. लांब सूर बसवायचे म्हणजे भोक लांबवणं आलं. फोटोत जिथे दोन सूर काढून ठेवलेत, तिथे भोकाच्या तीन कडा काळपट आहेत आणि चौथी फिकट, पटाशीचे खरवडे तसेच ठेवलेली. जुन्या लाकडात नंतर घातलेला घाव असाच दिसतो.

तिसरी खूण, जिभांची टोकं. पॅरिसच्या सुरांवर टोकाकडे आडव्या घासणीचे चरे आहेत, एखाद्याच नव्हे, सगळ्या रांगेवर. फ्रान्सने १८५९ मध्ये कायद्याने ‘ए’ हा स्वर सेकंदाला ४३५ कंपनांचा ठरवला. आजचा ४४० त्याहून साधारण एक पंचमांश अर्धस्वर उंच. जुन्या पट्टीतले सूर नव्या पेटीत घेताना सगळे थोडे थोडे चढवावे लागतात आणि त्याचे चरे असेच राहतात. हा पुरावा एकटा लंगडा आहे, मी कबूल करतो, कारण गायकाच्या सोयीसाठीही कुणी पट्टी चढवून घेतं. पण भोकांच्या जोडीला तो बसला की चित्र जुळतं.

आणि पुढची पितळी पाटी. त्यावर पत्ता आहे ‘बॉम्बे ४’, म्हणजे गिरगावचा भाग. सहा आकडी पिन कोड नाही, तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्यामुळे पाटी बहुधा त्याआधीची. बहुधा म्हणतो, कारण दुकानदार जुन्या पाट्यांचा साठा संपेपर्यंत वापरतात. शिवाय पाटी बनवणाऱ्याची असते असंही नाही. दुसऱ्याकडून पेट्या करून घेऊन त्यावर स्वतःची पाटी ठोकणारी दुकानं भरपूर होती. म्हणूनच माझं वाक्य होतं, ‘मुंबईत विकलेली, बहुधा तिथेच जोडलेली’. कारागिराचं नाव मी कुठेही घेतलं नाही. न लिहिलेल्या विधानाबद्दल मला झोडपण्याआधी लिहिलेलं तरी वाचा की राव.

फोटोतून काय कळत नाही तेही त्याच लेखात होतं : पितळाची प्रत, पेटीचं नेमकं वर्ष, आजची पट्टी. पेटी हातात असती तर पट्ट्यांखालचे आकडे बघितले असते. कारागीर कापताना पेन्सिलने अनुक्रम टाकतात आणि अक्षरावरूनही थोडं कळतं. पण भोकं बुजवलेली आहेत की नाहीत, एवढं कळायला पेटी मांडीवर घ्यावी लागत नाही.

आवाज ऐकून ओळखणाऱ्या जाणकारांना माझा नमस्कार. जीभ प्लेटपासून किती उचललीय, कितीदा घासलीय, फळीला फट पडलीय का, यावर आवाज बदलतो, तेव्हा त्यांनी ओळखलेलं सगळं खरं निघतं असं समजण्याइतका मी भोळा नाही. किमतीचं म्हणाल, तर पेटी विकायची आहे असं मालकांनी कधी म्हटलंच नव्हतं. तुम्हीच विकायला काढलीत.

तुमच्याकडे तुमचीही पेटी असेल तर फळी उलटी करून, दिवसाउजेडी, एका बाजूने तिरपा उजेड पडेल अशी ठेवून फोटो पाठवा. शेजारी फूटपट्टी ठेवा. फ्लॅश नको, पितळ चमकतं आणि चरे दिसेनासे होतात. आणि कृपा करून ब्रासोने घासून चकचकीत करू नका, वाचायचं असतं ते नेमकं त्यात पुसलं जातं.